रिकामा लिफाफा

सकाळचे सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. धाकटीने दोन कार्टन उघडून टेबलावर चपटे पसरले होते आणि भिंगाखाली त्यांच्या घडीवरचा आवृत्तीचा आकडा ती मंजूर प्रूफशी जुळवत होती. संगणकाने टिंग केलं. तिने भिंग खाली ठेवलं नाही. आधी आकडा पुरा जुळवला, खूण केली, मग मान वळवली.

पाठवणारा तोच होता. विषयाच्या जागी 'तातडीचं'. आत दोन शब्द.

हे बघा.

बाकी काही नाही. खाली त्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर ठसठशीत, त्याच्या वर मोकळी जागा.

छापखान्यात त्या माणसाला लिफाफासाहेब म्हणत. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत तो पॅकेजिंगचा व्यवस्थापक होता आणि त्या कंपनीची सगळी खोकी इथे छापली जात. मेल पाठवायचा आणि आत काही घालायचंच नाही, हा त्याचा नेम. मशीनवाले काका म्हणायचे, "लग्नात रिकामं पाकीट देणारा पाहुणा असतो ना, त्यातला हा. वर नाव मोठ्ठं, आत हवा." लोक हसायचे. धाकटीही हसायची, पण तिचं हसणं ओठांपुरतंच असे.

कारण या लिफाफ्यानेच तिच्या थोरल्या बहिणीची नोकरी घालवली होती. याच टेबलावरून.

तेव्हा प्रूफच्या खुर्चीत थोरली बसत असे. एका संध्याकाळी असाच मेल आला: हे बघा, आजच्या आज. आत काही नव्हतं. दुपारी त्याच साहेबाकडून सिरपच्या लेबलाची फाइल आली होती, तिच्यावरही हेच दोन शब्द होते. थोरली धरून चालली की तीच फाइल पुन्हा रेटली असणार; घाईत माणूस दोनदा पाठवतो. दुपारची फाइल तिने तपासलेली होती. तिने उत्तर लिहिलं: पाहिलं, ठीक आहे. आणि घरी गेली.

साहेबाला दाखवायचं होतं ते वेगळंच. औषध चमच्याऐवजी झाकणाने मोजा, असा बदल त्या लेबलात व्हायचा होता. जुनंच लेबल छापलं गेलं, पूर्ण माल लगद्यात गेला. साहेब मालकांसमोर बसला आणि त्याने दोन मेल पुढे सरकवले. एक त्याचा, एक तिचा. "मी वेळेत पाठवलं. यांनी पाहिलं असं लिहून दिलंय. आता मी आणखी काय करायचं?"

थोरली म्हणाली, मेलमध्ये काही नव्हतंच.

मालक म्हणाले, "मग पाहिलं काय?"

त्या महिन्याअखेरीस तिला जायला सांगितलं. नंतर तिने चार ठिकाणी अर्ज केले, पण हा धंदा लहान आहे आणि त्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. जिथे जाईल तिथे कोणी ना कोणी विचारायचं, "त्या 'पाहिलं, ठीक आहे'वाल्या तुम्हीच का?" शेवटी ती एका झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिली. दुसऱ्यांनी दिलेला कागद काचेवर पालथा घालायचा आणि बटण दाबायचं. बघायचं काहीच नाही.

धाकटी तेव्हा दुसऱ्या एका छापखान्याच्या संगणक विभागात होती. प्रूफची जागा पुन्हा रिकामी झाल्याचं कळलं तेव्हा तिने अर्ज केला. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, चेहराही बहिणीशी मिळत नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही. थोरलीने फक्त एवढं विचारलं होतं, "कशाला जातेस तिथे?"

"त्याचं उट्टं काढायला."

"आणि नाही निघालं तर?"

"तर पगार तरी मिळेल."

हे बोलणं तिने विनोदाने केलं नव्हतं.

या खुर्चीत बसल्यापासून तिला साहेबाचे रिकामे मेल किती आले याची मोजदाद ठेवायची गरज पडली नाही. त्यांची एक रीत होती, तीच तिने धरून ठेवली. करार असा होता की मशीनवर चढायच्या कामात बदल असेल तर ग्राहकाने सकाळी सातच्या आत कळवायचं. सातच्या आत कळवलं आणि छापखान्याने लक्ष दिलं नाही तर दोष छापखान्याचा. सातनंतर कळवलं तर दोष ग्राहकाचा. साहेबाचे भरलेले मेल दिवसभरात केव्हाही यायचे. रिकामे मात्र सातच्या आसपास घोटाळायचे, आणि नेहमी आतच पडायचे. फाइल तयार नसेल, वरची सही झाली नसेल, तरी वेळेचा शिक्का मारून ठेवायचा. खरी फाइल मग तासाभराने, "अरे, जोडायचं राहिलं का? सॉरी" म्हणत.

धाकटी दर वेळी तेच करायची. आपल्या बाजूने काही हरवलंय का ते तपासायची, मग जे दिसतं ते आणि जे दिसत नाही ते लिहायची, काय हवं ते मागायची. उत्तर फक्त त्यालाच जायचं. तो चडफडायचा, फाइल पाठवायचा, दिवस पुढे सरकायचा. यातून त्याचं काहीच बिघडत नव्हतं. आजवर एकदाही अशा मेलच्या वेळी त्याचं काम मशीनवर चढण्याच्या बेतात नव्हतं.

आज होतं. एक नव्हे, दोन. सर्दी-खोकल्याच्या सिरपचं कार्टन आठला, मलमाचं साडेनऊला.

तिने पदर खोचल्यासारखी खुर्ची पुढे ओढली.

फोन वाजला. थोरली. दुकान उघडायला जाता जाता ती रोज फोन करायची, कारण काही नसताना.

"काय गं, काय चाललंय?"

"लिफाफा आलाय."

पलीकडे गाड्यांचे आवाज. मग थोरली सावकाश म्हणाली, "रिकामा?"

"रिकामा. आणि दोन कामं आज मशीनवर आहेत."

"सातच्या आत?"

"सहा बावन्न."

थोरली रस्त्याच्या कडेला थांबली असावी. आवाज एकदम जवळ आला. "ऐक माझं. तू मेल उघडलाच नाहीस. कळलं? चहाला गेली होतीस. छापू दे काय छापायचं ते. चुकीचं छापून बाहेर पडू दे. पडू दे एकदा त्याला तोंडावर."

"ताई, औषध आहे ते."

"माझ्या वेळी पण औषधच होतं. पकडलं ना शेवटी? लोकांपर्यंत गेलं का? लगदा झाला. त्याचाही होऊ दे."

धाकटीला हा विचार स्वतःलाही सुचला होता हे तिने सांगितलं नाही. दोन वर्षं ती याच सकाळची वाट बघत होती आणि मूग गिळून बसणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता. पण तिने तो मनात शेवटपर्यंत चालवून पाहिला होता आणि त्याच्या टोकाला साहेब खुर्चीत आरामात बसलेला दिसत होता.

"मी गप्प बसले तर तो काय म्हणेल?" ती म्हणाली. "म्हणेल, मी सातच्या आत पाठवलं, बाई झोपली होती. तू 'पाहिलं' लिहिलंस, मी काहीच लिहिलं नाही. दोन्हीत तोच सुटतो."

"मग काय करणार?"

"जे आलं नाही ते आलं नाही म्हणून लिहिणार."

"बस? एवढंच?" थोरली चिडली. "दोन वर्षं तिथे बसून एवढंच? हे तर कारकूनही करेल."

"तू केलं होतंस का?"

हे बोलल्यावर धाकटीला जीभ चावावीशी वाटली. पण थोरलीने फोन ठेवला नाही. ती म्हणाली, "नाही केलं. बरं, लिही. पण गोड लिहू नकोस." आणि मग ठेवला.

धाकटीने आधी आपलं घर झाडलं. स्पॅम पाहिलं. सामायिक फोल्डरमध्ये त्या कंपनीच्या नावाखाली काल संध्याकाळनंतर काही पडलंय का ते पाहिलं. मेल मोबाइलवरही उघडला, कारण कधी कधी संगणक जोडलेलं दाखवत नाही. मग सिस्टिमवाल्याला फोन लावला. तो अंघोळीहून नुकताच आला होता.

"आपल्या सर्व्हरने मोठी फाइल म्हणून काही कापलंय का, बघ ना."

"कापलं असतं तर तुम्हाला तसं लाल अक्षरात दिसलं असतं. थांबा, बघतो." कळफलकाचा आवाज. "नाही. आला तसाच आहे. एवढासा मेल आहे हो, सही सोडली तर यात काही मावणारसुद्धा नाही. लिफाफा का?"

"लिफाफा."

"मग विचारता काय," तो म्हणाला आणि हसला.

ती खाली मशीनहॉलमध्ये गेली. काका सिरपच्या मशीनपाशी प्लेट चढवून घेत होते. शिसपेन्सिल कानावर, हात शाईने निळे. सकाळच्या पाळीत मशीन थांबवायचं की चालवायचं हे त्यांच्या हातात असे.

"काका, त्या कंपनीचं काम थांबवायचंय. मेल आलाय, पण आत काही नाही. बदल असू शकतो."

"कुठलं काम? सिरप का मलम?"

तिला माहीत होतं असं तिला वाटत होतं. परवाच त्या कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या मॅडमचा फोन आला होता आणि त्यांनी सिरपच्या झाकणावरच्या खुणांबद्दल खोदून विचारलं होतं. त्यावरून बदल सिरपमध्येच असणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. 'सिरप' हा शब्द जिभेवर आला. मलम चालू ठेवलं असतं तर काकाही खूष झाले असते.

पण मेलमध्ये सिरप लिहिलेलं नव्हतं. ते तिच्या डोक्यात होतं. आणि दुपारची फाइल थोरलीच्या डोक्यातही अशीच होती.

"दोन्ही," ती म्हणाली.

काकांनी कानावरची पेन्सिल काढली. "दोन्ही? वेड लागलंय का बाई? दोन मशीनं उभी करून आरती ओवाळू?"

"मेलमध्ये कामाचं नाव नाही."

"अगं, अंदाज असेल ना काही. तू इतकी वर्षं त्याचे मेल बघतेस."

"अंदाज आहे. म्हणूनच सांगत नाही."

काकांनी पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. त्यांना थोरली आठवत होती. त्या दिवशी लगद्याच्या गाडीत माल त्यांनीच भरून दिला होता. धाकटी तिची बहीण आहे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. "मालकांनी विचारलं तर तुझं नाव सांगणार."

"सांगा. मीच लिहून कळवतेय त्यांना."

वर येऊन तिने उत्तर लिहायला घेतलं. रागाची पहिली ओळ तिने लिहिली आणि खोडली. त्यात त्याच्या सवयीबद्दल एक टोमणा होता, आणि टोमणा वाचणाऱ्याचं लक्ष टोमण्याकडेच जातं. दुसऱ्या खेपेला लिहिलं ते असं:

'तुमचा आज ६.५२ चा मेल मिळाला. त्यात "हे बघा" एवढेच शब्द आहेत. सोबत फाइल, लिंक किंवा मजकूर आम्हाला दिसत नाही. स्पॅम, सामायिक फोल्डर आणि आमचा सर्व्हर तपासला. तिथेही काही आलेलं नाही. त्यामुळे आम्ही काहीही पाहिलेलं नाही आणि कशालाही होकार दिलेला नाही. फाइल पुन्हा जोडावी, किंवा बदल मेलमध्येच लिहावा. तो कोणत्या कामाचा आहे आणि त्यात काय तपासायचं आहे, हेही कळवावं. आज तुमची दोन कामं मशीनवर आहेत, सिरप आठला आणि मलम साडेनऊला. तुमचं उत्तर येईपर्यंत दोन्ही थांबवली आहेत. या दोन्हींत काही बदल नसेल तर तेवढं लिहा, लगेच सुरू करू.'

तिने ते पुन्हा वाचलं. 'तुम्ही पाठवलं नाही' असं कुठे आलंय का ते पाहिलं. आलं नव्हतं. त्याने काय केलं हे तिला दिसत नव्हतं. तिच्याकडे काय पोचलं एवढंच दिसत होतं. त्यामुळे त्याला निसटायला फट उरली नव्हती.

मग ती प्रतीच्या रकान्यात गेली. करारात एक कलम होतं: मशीन थांबवलं तर ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाला आणि आपल्या मालकांना त्याच मेलने कळवायचं. आजवर त्या कलमाची गरजच पडली नव्हती. तिने मॅडमचा पत्ता घातला. मालकांचा घातला. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते एवढंच होतं, दोन पत्ते, आणि ते घालायचा हक्क. तिने पाठवा दाबलं तेव्हा तिला हाताच्या बोटांपर्यंत ऊब जाणवली. ती समाधानाची होती असं म्हणता येणार नाही. दात रुतवल्यावर येते तशी होती.

चहा येऊन गार व्हायच्या आत फोन आला.

"मॅडम, अहो काय हे?" साहेबाचा आवाज खेळकर होता, पण मुद्दाम काढलेला. "एवढ्याशा गोष्टीला मशीनं थांबवता? आणि गुणवत्तावाल्यांना कशाला मध्ये आणलंत?"

"करारात तसं आहे, सर. मशीन थांबलं की कळवायचं."

"ते ठीक आहे हो. जोडायचं राहिलं माझं. माणूस आहे. तुम्हाला माहीतच आहे मी कशाबद्दल म्हणतोय."

"नाही, सर. मला माहीत नाही."

"असं कसं? मागच्या आठवड्यात बोललो होतो ना आपण."

"मागच्या आठवड्यात तीन कामांबद्दल बोललो होतो. त्यातलं कुठलं?"

"तुम्ही एक काम करा. मेलला फक्त एवढं लिहा की मिळाला, बघते. मी फाइल देतो ना मागून. तुमच्या मशीनचा वेळ कशाला फुकट घालवायचा?"

हाच तो दोर होता. थोरलीच्या गळ्यात पडला तोच, आता नवा वळून आणलेला.

"मिळाला असं लिहिलंय, सर. 'बघते' लिहायला आधी काहीतरी दिसायला हवं."

"तुम्ही फार ताणता हो, मॅडम."

"तुम्ही आत्ता बोलून सांगा, बदल काय आहे. मी ते लिहून तुम्हाला पाठवते. तुम्ही 'बरोबर' असं उत्तर द्या. फाइल आली की जुळवू. तोवर निदान दुसरं काम सुरू करता येईल."

हे ती मनापासून म्हणाली. तिला त्याचा सूड हवा होता, काकांचा वेळ नको होता. त्याने साधं 'मलम' किंवा 'सिरप' म्हटलं असतं तर एक मशीन पाच मिनिटांत फिरलं असतं. पण कामाचं नाव लिहून दिलं की त्या कामाची फाइल कुठे आहे हा प्रश्न आला असता, तोही मॅडमच्या देखत.

"मी फाइलच पाठवतो," तो म्हणाला आणि फोन आपटला.

आठ वाजले. खाली हॉलमधली नेहमीची धडधड त्या बाजूने आलीच नाही. काका जिन्यापर्यंत आले, वर बघून दोन्ही हात पसरले, काय ते विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता परत गेले. मालकांचं एका ओळीचं उत्तर आलं: किती वेळ? धाकटीने लिहिलं: ग्राहक सांगेपर्यंत, फाइल मागितली आहे. समजा, तो खरंच विसरला असेल आणि बदल तिसऱ्याच, पुढच्या आठवड्याच्या कामाचा असेल, तर आज दोन मशीनं उगाच उभी केल्याचा ठपका तिच्यावर येणार होता. तिने तोही धोका पत्करला आणि पुढचं कार्टन भिंगाखाली घेतलं.

मग मॅडमचा मेल आला. साहेबाला, प्रत सर्वांना.

'जोडलेली फाइल मलाही पाहायची आहे. कृपया पाठवा. कोणत्या बदलाबद्दल आहे हे? माझ्याकडे सहीसाठी काही आलेलं आठवत नाही.'

फाइल आली तेव्हा साडेआठ होत आले होते. धाकटीने ती उघडली आणि पहिल्यांदा नाव वाचलं.

मलम.

सिरपला कुठेच हात लागलेला नव्हता. मलमाच्या कार्टनवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' या ओळीखाली एक नवी ओळ घालायची होती, 'डोळ्यांपासून दूर ठेवा', ठळक अक्षरात. जुन्या प्लेटवर ती नव्हती. तिने सकाळी काकांना सिरप म्हटलं असतं तर मलम साडेनऊला निमूट मशीनवर चढलं असतं, ती ओळ नसताना, आणि तिच्याच तोंडून सुटलेल्या शब्दावर. साहेबाकडे पुन्हा दोन कागद आले असते: एक त्याचा, एक या टेबलाचा.

ती खाली जाऊन काकांना म्हणाली, "सिरप चालू करा. बदल मलमात आहे, नवी प्लेट लागेल."

काका मशीनच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. "मी तर मलम चालू कर म्हणणार होतो."

"मी पण," ती म्हणाली.

वर आली तेव्हा मॅडमचा दुसरा मेल पडला होता. आर्टवर्कच्या कोपऱ्यात फाइल कधी बनली ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. प्रूफवाल्यांखेरीज ते कोणी वाचत नाही. मॅडमनी वाचलं होतं.

'या फाइलवर आज ८.१० ची वेळ आहे आणि माझी सही नाही. ६.५२ ला काय जोडायचं राहिलं होतं?'

साहेबाचं उत्तर आलं नाही. मॅडमनी मग छापखान्याला विचारलं: याआधी असे मेल आले आहेत का? असतील तर तुमच्या उत्तरांसकट पाठवा.

प्रूफच्या टेबलाचा मेलबॉक्स माणसाचा नव्हे, टेबलाचा असतो. माणसं बदलतात, मेल तिथेच राहतात. धाकटीने साहेबाचे रिकामे मेल एकेक काढले आणि प्रत्येकाखाली उत्तर लावलं. गेल्या दोन वर्षांतली सगळी उत्तरं तिची होती आणि सगळ्यांचा सूर एकच होता. तळाशी तिला ते सापडलं. हे बघा, आजच्या आज. खाली: पाहिलं, ठीक आहे. त्याखाली बहिणीचं नाव.

ते वगळता आलं असतं. मॅडमना कळलं नसतं. साहेबाला मात्र कळलं असतं, आणि उद्या त्याने तेच एक पान काढून सगळा गठ्ठा खोटा ठरवला असता. शिवाय विचारलं होतं सगळंच. तिने ते पान बाकीच्यांबरोबर ठेवलं आणि पाठवलं.

दुपारी मालकांनी तिला बोलावलं. समोर तीच पानं छापून ठेवलेली होती, तळाचं वर आलेलं.

"ही बाई खरं बोलत होती तर," ते म्हणाले. "आत काही नव्हतं."

"नव्हतं."

"पण पाहिलं असं लिहिलंच ना तिने."

"लिहिलं."

मालकांनी पान उलटं केलं. ती त्या बाईची कोण, हे तिने सांगितलं नाही.

संध्याकाळी ती घरी जाताना झेरॉक्सच्या दुकानात थांबली. थोरली यंत्राचं झाकण उघडून अडकलेला कागद ओढत होती. गिऱ्हाईक नव्हतं.

"काय झालं त्याचं?"

"सगळे मेल मागवलेत मॅडमनी. चौकशी होईल. तोवर त्याच्या एकट्याच्या मेलवर काही चालणार नाही, असं लेखी आलंय. काम असेल तर छापील प्रत, त्यावर मॅडमची सही, आणि ती घेऊन त्याने स्वतः प्रूफच्या टेबलापाशी यायचं. माझ्यासमोर बसून एकेक ओळ वाचायची आणि माझ्यादेखत सही करायची."

थोरलीने कागद बाहेर काढला. तो मध्येच चुरगळला होता. "तोंड बघायला पाहिजे होतं मेल्याचं."

"उद्या बघेन."

"आणि माझा मेल?"

"तोही पाठवला."

"उत्तरासकट?"

"उत्तरासकट."

थोरली यंत्राला टेकली. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते धाकटीने बघितलं आणि नजर हटवली नाही. "म्हणजे आता त्या बाईलाही कळलं, मी काय लिहिलं होतं ते."

"हो. वगळलं असतं तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं."

"मालक काय म्हणाले?"

"म्हणाले, आत काही नव्हतं, हे खरं होतं."

"आणि?"

"आणि पाहिलं असं लिहिलंच ना तिने."

थोरली हसली, त्यात काही गोड नव्हतं. "बरोबर आहे. लिहिलंच होतं मी." तिने चुरगळलेला कागद टोपलीत टाकला, यंत्राचं झाकण लावलं, चालू केलं. "मला परत बोलावतील असं वाटलं होतं का तुला?"

"नाही."

"मला वाटलं होतं. दोन मिनिटं. आत्ता." मग ती पुढे वाकून हळू म्हणाली, "उद्या त्याला साधी खुर्ची दे. ती गादीवाली नको."

"गादीवाली आमच्याकडे नाहीच."

"चांगलं आहे. आणि एकेक ओळ म्हणजे एकेक ओळ. घाई करू देऊ नकोस. पत्त्याची ओळसुद्धा वाचायला लाव."

"पिनकोडसकट," धाकटी म्हणाली.

एक गिऱ्हाईक आत आलं आणि त्याने काउंटरवर एक फाइल ठेवली. "याच्या दोन प्रती काढा." थोरलीने फाइल उघडली. तिने ती काचेकडे नेली नाही, पानं चाळून आधी विचारलं, "सगळीच पानं? का फक्त सहीची?"

धाकटी घराकडे निघाली तेव्हा फोनवर दुसऱ्या दिवसाची नोंद आलेली होती: सकाळी साडेआठ, मलमाच्या कार्टनची अंतिम तपासणी, प्रूफ टेबल, ग्राहकाचा प्रतिनिधी स्वतः हजर. फाटकावरच्या पहारेकऱ्याला आत सोडायच्या माणसांची यादी सकाळी सातला मिळते, आणि उद्याच्या यादीत साहेबाचं नाव पहिलं आहे.